साठपट माणसं, चार हजारपट काम

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 50 हजारांच्या आत होती. त्याच वर्षी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत 31 लाखांहून जास्त माणसं राहत होती. साठपटीहून मोठी ही तफावत संगणकाच्या गणितात शिरली की आणखी कितीतरी पटींनी वाढते.

एक उदाहरण घेऊ. आपल्याकडे राज्यातल्या रहिवाशांच्या दोन वेगवेगळ्या याद्या आहेत. नावं दोन्हीकडे वेगवेगळ्या पद्धतीने लिहिली आहेत आणि एकच माणूस दोन्हीकडे कुठे आहे, ते शोधायचं आहे. कोट्यवधी नोंदींपैकी प्रत्येकीची तुलना इतर सगळ्या नोंदींशी करणं अशक्यच. म्हणून तालुका आणि जन्मवर्ष जुळेल तिथेच नावं ताडून पाहायची. तालुका आणि जन्मवर्षाची ही जोडी म्हणजे आपली ‘की’.

अशी कामं अनेक यंत्रांवर वाटून करण्यासाठी स्पार्क ही प्रणाली वापरतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 2009 मध्ये तिची सुरुवात झाली. दोन याद्या जोडताना स्पार्क प्रत्येक नोंदीच्या कीवरून एक हॅश आकडा काढतो आणि त्यानुसार ती नोंद एका कप्प्यात, म्हणजे पार्टिशनमध्ये टाकतो. असे कप्पे मुळात 200 असतात. नोंदी आधी डिस्कवर लिहिल्या जातात आणि मग नेटवर्कवरून आपापल्या कप्प्यात पोचतात. यालाच शफल म्हणतात. याद्या जितक्या मोठ्या, तितका हा खर्च मोठा.

एका कीच्या सगळ्या नोंदी एकाच कप्प्यात जातात आणि एक कप्पा एकच टास्क हाताळतो. त्यामुळे 200 चे 2000 कप्पे केले, तरी जड की फुटत नाही.

आता हिशेब मांडू. सोयीसाठी पुणे महापालिकेची हद्द हा एकच तालुका आहे आणि लोकसंख्या 70 जन्मवर्षांत सारखी वाटली आहे असं धरू. मुलचेऱ्याच्या एका कीला प्रत्येक यादीत सुमारे 700 नोंदी येतील, म्हणजे 700 गुणिले 700, 4 लाख 90 हजार जोड्या. पुण्याच्या एका कीला 44 हजार नोंदी, म्हणजे 193 कोटींहून जास्त जोड्या. माणसं साठपट, पण काम जवळपास चार हजारपट. जोडणीतल्या असमतोलाचं मर्म या गुणाकारात आहे.

हा असमतोल स्पार्कच्या पडद्यावर ओळखता येतो. बहुतेक टास्क झटपट संपतात आणि मोजके तासन्‌तास चालत राहतात. स्टेजच्या पानावर `Duration` च्या ओळीत `Median` आणि `Max` यांत प्रचंड अंतर दिसतं. शेवटचा टास्क संपेपर्यंत पुढची पायरी सुरू होत नाही, म्हणून मोकळी झालेली यंत्रं ताटकळत राहतात.

स्पार्कमध्ये जड कप्पे आपोआप फोडण्याची सोय आहे. पण कप्पा मधल्या आकाराच्या पाचपटीहून मोठा आणि शिवाय 256 एमबीहून जड असेल, तरच ती मुळात लागू होते. एक नोंद 100 बाइटची धरली, तर पुण्याच्या कीचा आकार एका यादीत 4.4 एमबीच भरतो. ही सोय बाइट मोजते, जोड्या मोजत नाही. म्हणून हा भार तिला दिसतच नाही.

अशा वेळी सॉल्टिंग करतात. पहिल्या यादीतल्या जड कीच्या प्रत्येक नोंदीला 0 ते 7 पैकी एक आकडा जोडायचा. दुसऱ्या यादीतल्या त्याच कीच्या प्रत्येक नोंदीच्या आठ प्रती करायच्या, दर आकड्याला एक. मग जोडणी की आणि आकडा दोन्हींवर करायची. `hot` या रकान्यात की जड आहे की नाही, ते आधीच नोंदवलेलं आहे:

```python
a = a.withColumn("salt", expr(
    "if(hot, pmod(hash(id), 8), 0)"))
b = b.withColumn("salt", expr(
    "explode(if(hot, sequence(0, 7), array(0)))"))
r = a.join(b, ["taluka", "year", "salt"])
```

आता पहिल्या यादीचे साधारण साडेपाच हजारांचे आठ गट होतात आणि प्रत्येक गटाला समोरच्या 44 हजार नोंदी भेटतात. गटागणिक जोड्या सुमारे 24 कोटी. एकूण जोड्या तेवढ्याच राहतात, पण काम बहुधा आठ टास्कांत विभागलं जातं. त्याची किंमत शफलमध्ये मोजावी लागते, कारण दुसऱ्या यादीतल्या त्या कीच्या 44 हजार नोंदींऐवजी 3 लाख 52 हजार नोंदी प्रवास करतात. म्हणूनच सरसकट सगळ्या कींना सॉल्ट लावू नये. मुलचेऱ्याच्या 700 नोंदींच्या आठ प्रती करून हाती काहीच लागत नाही.

आकडा `rand()` ने न काढता नोंदीच्या ओळख क्रमांकावरून काढलेला बरा. एखादं यंत्र मध्येच बंद पडून टास्क पुन्हा चालला, तरी त्याच नोंदीला तोच आकडा मिळतो. दुसरी मर्यादा अशी, की प्रती केलेल्या यादीतल्या न जुळलेल्या नोंदीही निकालात हव्या असतील, तर त्या आठ-आठ वेळा उमटू शकतात. तिथे ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही.

जड की ओळखण्यासाठी जोडणीआधी दोन्ही याद्यांत कीनिहाय नोंदी मोजाव्यात आणि ते दोन आकडे एकमेकांशी गुणावेत. ही मोजणी स्वस्त पडते, कारण प्रत्येक यंत्र आपल्याकडच्या नोंदी आधी स्वतःच मोजतं आणि शफलमध्ये फक्त बेरजा जातात. गुणाकार उतरत्या क्रमाने लावले, की सॉल्ट कुणाला लावायचं आणि किती, हे त्या यादीच्या वरच्या काही ओळींतच कळतं.