माहिती फुटली, मग ग्राहकाला काय सांगावे?

मे 2021 मध्ये एअर इंडियाने प्रवाशांना कळवले की, तिकिटांची माहिती सांभाळणाऱ्या सीता या कंपनीच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आहे. जगभरातील सुमारे 45 लाख लोकांची माहिती फुटली होती. हे पत्र वाचण्यासारखे आहे. ऑगस्ट 2011 ते फेब्रुवारी 2021 या काळात नोंदलेली माहिती, त्यात नाव, जन्मतारीख, संपर्क, पासपोर्ट, तिकीट आणि क्रेडिट कार्डाचे तपशील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. कार्डामागचा सीव्हीव्ही आणि पासवर्ड मात्र फुटले नव्हते. काय सुरक्षित आहे हेही कळले, म्हणून लोकांची निम्मी धास्ती कमी होते.

सल्ला मात्र तोकडा वाटतो. पासवर्ड बदला, असे सांगितले. पण तो तर फुटलाच नव्हता! खरा धोका वेगळा होता. तुमचा जुना प्रवास आणि जन्मतारीख अचूक सांगणारा माणूस ‘विमान कंपनीतून बोलतोय, परतावा द्यायचा आहे’ म्हणाला, तर विश्वास बसणारच. अशा वेळी फोन ठेवून कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर आपणच फोन करावा. कार्ड बँकेकडून बदलून घ्यावे. तोवर त्यावरील परदेशी व्यवहार बंद ठेवावेत, कारण काही परदेशी संकेतस्थळांवर सीव्हीव्हीशिवायही पैसे कापले जातात. पैसे गेलेच, तर 1930 वर लगेच तक्रार करावी.

आणि वेळ? सीताने फेब्रुवारीअखेर कळवले होते; प्रवाशांना हे तपशील मिळाले मेमध्ये.