व्याख्यानाची अक्षरे

नागपूरच्या धंतोलीतील रामकृष्ण मठाची स्थापना १९२८ सालची. अशा ठिकाणी होणारी व्याख्याने आता यूट्यूबवर टाकली जातात आणि अमरावतीचा माणूसही ती घरबसल्या ऐकतो. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यासाठी तो नुसता बोलणारा चेहरा असतो. शोधयंत्राचेही फार वेगळे नाही. शीर्षकात ‘गीता व्याख्यान, भाग ३’ एवढेच असेल, तर वक्ता स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर वीस मिनिटे बोलला हे त्याला खात्रीने कुठून कळणार? दोघांचीही गरज एकच आहे: बोललेले शब्द, लिखित स्वरूपात.

यूट्यूबवर आपोआप उमटणाऱ्या मथळ्यांची घोषणा नोव्हेंबर २००९ मध्ये झाली, तीही इंग्रजीपुरती. ती करणारा गूगलचा अभियंता केन हॅरेनस्टीन स्वतः कर्णबधिर होता. पण यंत्राला ‘निष्काम’, ‘शंकराचार्य’ असे शब्द किंवा माणसांची नावे नीट ऐकू येतीलच असे नाही, आणि व्याख्यानाचा जीव नेमका अशा शब्दांत असतो. म्हणून मथळ्यांची फाइल माणसाने तपासलेली हवी. अक्षरे थेट चित्रात कोरू नयेत. कोरलेली अक्षरे मोठी करता येत नाहीत, बंद करता येत नाहीत आणि मजकूर म्हणून शोधताही येत नाहीत.

फाइल साधी असते. अनुक्रमांक, वेळ, मजकूर आणि एक कोरी ओळ:

```
12
00:04:18,200 --> 00:04:22,900
कर्म सोडून दिले म्हणजे
संन्यास साधला, असे होत नाही.
```

नावाच्या शेवटी `.srt` येते. वेळेचे आकडे मात्र इंग्रजीच हवेत. मराठी कळफलक चालू ठेवून तिथे ०४:१८ टाइप केले, तर ती ओळ वेळ म्हणून वाचली जाणार नाही. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या `Subtitles` विभागात मराठी भाषा निवडून `Upload file` आणि मग `With timing` घेतले की काम झाले.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच येते. व्याख्यानाचा मजकूर बहुतेकदा डीटीपीवाल्याकडून टाइप होऊन येतो, आणि अनेकांची बोटे अजून कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टवर बसलेली आहेत. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसते, पण फाइलमध्ये `ejkBh` साठवलेले असते. छापताना काही बिघडत नाही. यूट्यूबवर चढवले की प्रेक्षकाला ती निरर्थक इंग्रजी अक्षरेच दिसतात, आणि ‘कर्मयोग’ शोधणाऱ्याला ते व्याख्यान त्या मजकुरामुळे कधीच सापडत नाही. ओळखण्याची युक्ती सोपी: मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून फॉन्ट साधा ठेवा. मराठी मराठीच राहिली तर तो युनिकोड आहे. नाही तर परिवर्तक वापरावा आणि नंतर जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी, कारण चुका तिथेच राहतात. साठवताना `Encoding` मध्ये `UTF-8` हवे. तिथे `ANSI` राहिले तर सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात, आणि ती परत फिरवता येत नाहीत.

दुसरी नेहमीची गडबड वेळेची. फाइल तयार झाल्यावर कुणीतरी सुरुवातीला बारा सेकंदांची नामपट्टी जोडते आणि पुढचे प्रत्येक वाक्य बारा सेकंद आधी उमटते. पहिले आणि शेवटचे वाक्य ताडून पाहावे. फरक दोन्हीकडे सारखाच असेल तर ‘सबटायटल एडिट’ या मोफत प्रोग्रॅममध्ये सर्व वेळा एकदम पुढे सरकवता येतात. फरक वाढत गेला असेल तर फाइल आणि चित्रफीत यांची गती जुळत नाही, किंवा मधला भाग कापला गेला आहे.

कर्णबधिर वाचकासाठी नुसते शब्द पुरत नाहीत. श्रोत्यांतून प्रश्न आला तर [श्रोता], सभागृह हसले तर [हशा] असे लिहावे लागते. फळ्याकडे बोट करून वक्ता ‘हे बघा’ म्हणतो, तेव्हा फळ्यावर काय आहे तेही संहितेत सांगावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ मध्ये दृक्‌श्राव्य माहिती सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. छोट्या संस्थेने कायद्याची वाट पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

संपूर्ण संहिता वेगळी ठेवावी. तासाभराच्या व्याख्यानात सहज सहा-सात हजार शब्द होतात, आणि यूट्यूबच्या वर्णनात फक्त पाच हजार अक्षरे मावतात. म्हणून संहिता संस्थेच्या संकेतस्थळावर उपशीर्षके देऊन, व्हिडिओच्या खालीच लावावी. गूगलला ते वाचनीय पान मिळते, आणि अंध व कर्णबधिर अशा दोन्ही अडचणी असलेल्या वाचकाला ब्रेल यंत्रावर तेच वाचता येते. वर्णनात मुद्द्यांच्या वेळा द्याव्यात. पहिली 0:00, किमान तीन वेळा, आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा, म्हणजे यूट्यूब त्यांची प्रकरणे पाडते.

क्रमवारीबद्दल मात्र भलत्या अपेक्षा नकोत. डिस्कव्हरी डिजिटल नेटवर्क्सच्या जुन्या पाहणीत मथळ्यांच्या व्हिडिओंची दर्शकसंख्या एकूण ७.३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, पण ते इंग्रजी व्हिडिओ होते. शीर्षक मोघम असेल आणि लोक दुसऱ्या मिनिटाला निघून जात असतील, तर फाइलने तो व्हिडिओ वर येणार नाही. ‘स्थितप्रज्ञ म्हणजे काय’ असा नेमका प्रश्न घेऊन येणाऱ्याला मात्र एखाद्या भाषणाच्या अठ्ठेचाळिसाव्या मिनिटापर्यंत पोचवण्याचे काम ती करू शकते.