मोडी कागदाचा फोटो आला? आडनावाआधी साल बघा

कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोडी कागदांचे फोटो फिरू लागले आहेत. फोटो उघडला की जो तो आपलं आडनाव शोधतो. पण साल ठरलं नाही, तर सापडलेलं नाव पणजोबांचं की त्यांच्याही चार पिढ्या आधीच्या माणसाचं, हे कळायचं कसं?

मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढायचा आणि तिला अक्षरं लटकवत जायचा. शब्द तोडलेले नसतात, पूर्णविरामही नाही. म्हणून एकेक अक्षर लावत बसण्याआधी ठरलेल्या जागा बघाव्यात. वर मधोमध ‘श्री’. खतात बहुधा त्याच्या खालच्याच ओळींत शके, संवत्सराचं नाव आणि तिथी. पत्रात तारीख शेवटाकडे असते, तिथे ‘छ’ हे अक्षर शोधावं. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे सफर, रजब असा मुसलमानी महिना येतो. खताच्या तळाशी साक्षीदार, आणि पाटलाच्या नावाजवळ नांगराची निशाणी.

आता समजा, एका खतात ‘शके १६९’ एवढंच दिसतंय आणि शेवटचा आकडा घडीत गेलाय. पुढे ‘दुर्मुखनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध ५’ आहे. संवत्सराची नावं साठ वर्षांनी परत येतात. दुर्मुख शके १६३८, १६९८ आणि १७५८ ला येतो, म्हणजे इथे आकडा ८ च. कार्तिक असल्याने ७८ मिळवले की इसवी सन १७७६. (जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९.)

त्याच खतात ‘सु॥ सबा सबैन मया व अलफ’ असेल तर खात्रीच. हे सुहूर सन, अरबी शब्दांत लिहिलेलं. सबा ७, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११७७. हे साल मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, नंतर ६००. पुन्हा १७७६ च आलं. सबा आणि सबैन सारखेच दिसतात, तिथे हमखास घोळ होतो.

इंग्रजी अमलातल्या महसुली कागदावर नुसतं ‘सन १२८७’ दिसलं की काही जण सातशे वर्षांपूर्वीचा कागद म्हणून नाचतात. ते फसली साल असतं. त्यात ५९० मिळवा, १८७७ येतं.

जमिनीच्या कागदात साल लागल्यावर ‘गहाण’, ‘व्याज’, ‘मुदत’ हे शब्द शोधावेत. ते असतील तर ती विक्री नव्हे, कर्जाचा कागद. कायम दिलेल्या जमिनीत बहुधा ‘वंशपरंपरेने’ येतं.

फोटो काढताना कागद सपाट ठेवून पूर्ण पान आणि मागची बाजूही घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, साध्या फोटोत बारीक अक्षर फुटतं. कोर्टात किंवा जात पडताळणीला मात्र घरचं वाचन चालत नाही, तिथे मोडी जाणकाराचं सहीचं लिप्यंतर लागतं.