पन्नास टक्के स्कॉलरशिप आणि दीड पानाचं पत्र

सांगलीजवळच्या एका शाळेतले शिक्षक ऑगस्टमध्ये माझ्याकडे चार फुलस्केप पानं घेऊन आले. ग्राहकांच्या तक्रारी लिहायला मी मदत करतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. अक्षर सुरेख, वळणदार. पण दुसऱ्या पानापासून पेन कागदात रुतत गेलेलं दिसत होतं. 'तुम्ही माझ्या मुलीच्या आयुष्याशी खेळलात', 'तुम्हाला देव क्षमा करणार नाही' अशी वाक्यं होती. तारीख एकही नव्हती. रक्कम एकदाच आली होती, तीही 'लाखो रुपये' अशी.

"सर, यातला शब्द न् शब्द खरा आहे," मी म्हणालो. "पण हे वाचून नेमके किती पैसे परत करायचे आणि कशासाठी, हे त्याला कळणार नाही. आणि उद्या आयोगापुढे हेच पत्र ठेवावं लागलं, तर तिथेही कळणार नाही."

घडलं होतं ते असं. जानेवारीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये पुण्याच्या एका एजंटाचा 'परदेशी शिक्षण मेळावा' झाला. मुलगी बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाचा मास्टर्स अभ्यासक्रम, फी १६,००० पौंड, आणि 'आमच्यामार्फत गेलात तर ५० टक्के स्कॉलरशिप'. सल्ला शुल्क ६०,००० रुपये, त्याची पावती मिळाली. मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर निरोप आला की स्कॉलरशिप मंजूर झाली आहे, प्रोसेसिंगचे ४०,००० आजच भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. ते यूपीआयने एजंटाच्या वैयक्तिक खात्यावर गेले. त्याची पावती नाही. एप्रिलमध्ये ४,००० पौंड डिपॉझिट थेट विद्यापीठाला भरलं. अर्धी फी माफ धरून सरांनी बँकेचं शैक्षणिक कर्जही तेवढंच मंजूर करून घेतलं.

११ जुलैला विद्यापीठाकडून कॅसचा मसुदा आला. कॅस म्हणजे विद्यापीठाने विद्यार्थ्याला प्रवेश दिल्याची खात्री देणारा क्रमांक. तो मिळाल्याशिवाय ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी अर्ज करता येत नाही. मसुद्यात फीचा हिशेब असतो. फी १६,०००, स्कॉलरशिप २,०००, भरलेलं डिपॉझिट ४,०००, बाकी १०,००० पौंड. सरांच्या डायरीत बाकी ४,००० पौंड लिहिलेली होती. फरक ६,००० पौंडांचा, म्हणजे सहा लाख रुपयांहून जास्त. पंधरा दिवसांत एवढे पैसे कुठून आणणार? मुलगी गेली नाही.

इथे थोडं थांबून 'स्कॉलरशिप' या शब्दाकडे पाहायला हवं, कारण सगळी फसवणूक त्याच शब्दात दडलेली असते. आपल्याकडे स्कॉलरशिप म्हटलं की परीक्षा, गुणवत्ता, निवड असं डोळ्यांपुढे येतं. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांना फीमध्ये ठरावीक सवलत देतात आणि तिला स्कॉलरशिप म्हणतात. प्रवेश मिळाला की ती बहुतेक वेळा आपोआप लागू होते. वेगळा अर्ज नाही, त्यामुळे प्रोसेसिंग असं काही नसतंच. खरी मोठी स्कॉलरशिप, उदाहरणार्थ ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग, तिचा अर्ज उमेदवाराने स्वतः करायचा असतो, मुलाखत द्यायची असते आणि त्या अर्जाला फी नसते. एजंटाची मुख्य कमाई होते ती विद्यार्थी दाखल झाल्यावर विद्यापीठाकडून मिळणाऱ्या कमिशनवर. म्हणजे सगळ्यांना मिळणारी २,००० पौंडांची सवलत त्याने ८,००० पौंडांची म्हणून सांगितली, आणि जे काम अस्तित्वातच नव्हतं त्याचे ४०,००० घेतले.

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. विद्यार्थी पाठवणाऱ्या सल्लागाराला तो कायदा लागू होत नाही. म्हणून त्याचा परवाना रद्द करा असं म्हणायला दार नसतं, आणि ग्राहक म्हणून लिहिलेल्या पत्राचं वजन वाढतं.

पत्राआधी आम्ही एक मेल केला. मुलीने तिच्या स्वतःच्या पत्त्यावरून विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला तीन प्रश्न विचारले. मला कोणती स्कॉलरशिप, किती रकमेची आणि कधी मंजूर झाली? ५० टक्क्यांच्या स्कॉलरशिपसाठी माझ्या नावाने अर्ज आला होता का? स्कॉलरशिपसाठी तुम्ही काही शुल्क घेता का? चार दिवसांनी उत्तर आलं: २,००० पौंड, प्रवेशासोबत आपोआप, दुसरा कोणताही अर्ज नाही, शुल्क नाही. या तीन ओळी सरांच्या चार पानांपेक्षा जड होत्या. अशा प्रकरणात एजंट हमखास म्हणतो, 'स्कॉलरशिप देणं विद्यापीठाच्या हातात, आम्ही फक्त प्रयत्न करतो.' अर्जच केला नव्हता हे विद्यापीठानेच सांगितल्यावर तो बचाव उरत नाही.

मग पुरावे गोळा केले. व्हॉट्सॲपचा सगळा संवाद एक्स्पोर्ट करून घेतला. निवडक स्क्रीनशॉट काढले की मधलं काय गाळलं असा प्रश्न येतो. ज्या फोनवर निरोप आले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, असं सरांना बजावलं, कारण छापील प्रतीवर वाद झाला तर मूळ तिथेच आहे. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक असलेला बँकेचा उतारा काढला. पावती नसली तरी पैसे कुणाच्या खात्यात, कोणत्या दिवशी गेले ते त्यात स्वच्छ दिसतं.

पत्र दीड पानाचं झालं. त्याचा गाभा हा होता:

'दि. ७ मार्च रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी आपण व्हॉट्सॲपवर कळवलंत: "सर, ५० टक्के स्कॉलरशिप कन्फर्म झाली आहे, प्रोसेसिंग आजच भरा." त्यावर विसंबून मी त्याच दिवशी ४०,००० रुपये आपल्या खात्यावर भरले. असा कोणताही अर्ज आपण केला नव्हता व विद्यापीठ असं कोणतंही शुल्क घेत नाही, असं विद्यापीठाने लेखी कळवलं आहे. हे ४०,००० रुपये, तसंच याच आश्वासनावर घेतलेलं ६०,००० रुपये सल्ला शुल्क, असे एकूण १,००,००० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावेत.'

एजंटाचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात ठेवलं. 'तुम्ही खोटी आश्वासनं दिलीत' हा आपला निष्कर्ष झाला, त्यावर तो वाद घालू शकतो. त्याचं स्वतःचं वाक्य तारीख-वेळेसह समोर ठेवलं की वादाला जागा राहत नाही. शिवाय दोन्ही रकमा वेगळ्या मांडल्या. सरांना ते आवडलं नव्हतं. सगळा पैसा एकच, असं त्यांचं म्हणणं. पण ६०,००० मध्ये अर्ज भरणं, उद्देशपत्र लिहून घेणं असं काही काम झालं होतं, आणि त्यातला काही भाग एजंटाला ठेवू दिला जाण्याची शक्यता होती. ४०,००० बद्दल तसं म्हणायला काडीचा आधार नव्हता. कच्ची मागणी पक्कीत मिसळली की पक्कीही कच्ची दिसू लागते.

आयईएल्टीएसची फी पत्रातून काढून टाकली, कारण तो निकाल दोन वर्षं चालतो आणि मुलीला पुढच्या वर्षी उपयोगी पडणार होता. ४,००० पौंड एजंटाकडे गेलेच नव्हते, म्हणून ते विद्यापीठाकडे त्यांच्या परताव्याच्या नियमांनुसार वेगळ्या अर्जाने मागितले, आणि ते बुडाले तर नुकसान म्हणून आपल्याकडून मागण्याचा हक्क राखून ठेवतो, एवढं एक वाक्य एजंटाच्या पत्रात घातलं. विद्यापीठाच्या अर्जाला तेच पुरावे जोडले आणि एक प्रत तिथल्या एजंट सांभाळणाऱ्या विभागाला पाठवली. ज्याच्या कमिशनवर एजंटाचा धंदा उभा आहे त्याच्यापर्यंत तक्रार जाते, हे त्याला सगळ्यात जास्त झोंबतं.

'पैसे द्या, नाहीतर पोलिसांत जातो' हे वाक्यही खोडलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करता येते, पण ती वेगळी वाट आहे, आणि पैशाच्या मागणीला तिची धमकी जोडली की समोरच्याला आपल्यावरच बोट दाखवायला मिळतं.

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन वाक्यं होती: 'शुल्क परत मिळणार नाही' आणि 'वाद पुणे न्यायकक्षेत'. ती वाचून सर आधीच खचले होते. पण खोटं सांगून घेतलेल्या पैशाला पहिलं वाक्य राखण करू शकत नाही. १८७२च्या करार कायद्यानुसार लबाडीने मिळवलेली संमती रद्द करता येते, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेबद्दल खोटी माहिती देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुसऱ्या वाक्याचं उत्तरही त्याच कायद्यात आहे: ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. सरांना पुण्याला खेपा घालायची गरज नव्हती. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगात शुल्क लागत नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत मात्र दोन वर्षांची. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते. तिथून एजंटाला विचारणा होते, पण ती आदेश देऊ शकत नाही.

पत्र स्पीड पोस्टाने गेलं, पोच घेतली, तेच मेलनेही पाठवलं. शेवटी आणखी एक मागणी होती, जी मुलीने सुचवली. अर्जासाठीचा ईमेल पत्ता एजंटाच्या कार्यालयात उघडला होता आणि त्याचा पासवर्ड त्यांच्याकडेच होता. विद्यापीठाचं ऑफर लेटर तिने कधी मुळातून पाहिलंच नव्हतं. तिला मिळाला होता पहिल्या पानाचा फोटो. तो पासवर्ड आम्ही मागितला.

बाराव्या दिवशी एजंटाचा फोन आला. ३०,००० देतो, 'सर्व हिशेब पूर्ण, तक्रार नाही' अशा कागदावर सही करा. पासवर्ड मात्र त्याच्या कार्यालयातल्या मुलीने त्याच दिवशी मेसेजने पाठवून दिला. त्याचं महत्त्व तिथे कुणाच्या ध्यानात आलं नसावं. सर सही करायच्या बेतात होते. हप्ता सुरू होणार होता.

संध्याकाळी मुलीने तो इनबॉक्स उघडला. विद्यापीठाचं ऑफर लेटर होतं, दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत स्कॉलरशिप २,००० पौंड. मेल ५ मार्चचा, उघडून वाचलेला. त्यानंतर दोन दिवसांनी, ७ मार्चला, '५० टक्के कन्फर्म' हा निरोप आला होता.

त्या मेलची प्रत जोडून चार ओळींचं दुसरं पत्र गेलं. आठवड्याभरात ४०,००० पूर्ण आणि सल्ला शुल्कातले ३५,००० जमा झाले. सरांनी कागदावर सही केली ती पैसे खात्यात दिसल्यावर, आणि 'डिपॉझिटबाबतचा हक्क राखून' हे शब्द हाताने लिहून. विद्यापीठाने डिपॉझिट परत दिलं नाही, पुढच्या वर्षीच्या प्रवेशाकडे वळवलं. या वेळी अर्ज मुलगी स्वतः भरते आहे, स्वतःच्या ईमेलवरून.