पावसाच्या बुधवारी भजी किती खपली?

पाढ्यांचा तक्ता आठवा. उभ्या ओळीत एक ते दहा, आडव्या ओळीत एक ते दहा, आणि मध्ये शंभर आकडे. ते शंभर आकडे कुणी साठवून ठेवत नाही. कडेचे वीस आकडे माहीत असले की पुरे, कारण सातच्या ओळीत आठच्या खाली काय येणार हे सात आणि आठ मिळूनच ठरवतात. प्रत्येक ओळ पहिल्या ओळीची कुठल्या तरी पटीतली नक्कल असते. अशा तक्त्याला गणितात रँक-एक तक्ता म्हणतात. एक यादी उभी, एक आडवी, आणि मधला प्रत्येक आकडा त्या दोघींचा गुणाकार.

व्यवहारातले तक्ते इतके शहाणे नसतात. पण पुष्कळदा ते शहाणे असल्यासारखे दिसतात. मग प्रश्न पडतो की या तक्त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा पाढेछाप तक्ता कोणता, आणि तो घेतला तर मूळ माहितीतलं किती हाती राहतं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टक्क्यांत देतात, आणि लोक फसतात ते तिथेच.

एक चहा-वड्याची टपरी घेऊ. आकडे मीच रचले आहेत, हिशेब कागदावर करता यावा म्हणून. चार दिवसांत चहाचे कप, वडापाव आणि भजीच्या प्लेटी किती गेल्या, ते असे:

| | चहा | वडापाव | भजी |
|---|---|---|---|
| सोमवार | ५० | ४० | १० |
| मंगळवार | ६० | ५० | १० |
| बुधवार | ७० | ४० | ४० |
| गुरुवार | ८० | ७० | २० |

गुरुवारी गावचा बाजार असतो. बुधवारी दुपारपासून पाऊस होता.

शाळेत त्रैराशिक शिकलेला माणूस काय करेल? चार दिवसांत एकूण ५४० नग गेले, त्यात चहा २६०, वडे २००, भजी ८०. सोमवारी एकूण १०० गेले. तेव्हा सोमवारचा चहा १०० गुणिले २६० भागिले ५४०, म्हणजे ४८ च्या आसपास. अशी बाराही घरं भरली की पाढेछाप तक्ता तयार होतो. दिवसाची एक यादी, जिनसांच्या वाट्याची एक यादी. मूळ आकड्यांतून हे आकडे वजा करायचे, प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. ती ७७४ येते. वर्ग अशासाठी, की उणे आणि अधिक चुका एकमेकींना खाऊ नयेत आणि एक मोठी चूक दहा बारीक चुकांपेक्षा जास्त बोचावी.

७७४ वाईट नाही, पण याहून खाली जाता येतं. त्याची रीत सोपी आहे. जिनसांची यादी तात्पुरती बरोबर धरायची, चहा १, वडा ०.७७, भजी ०.३१, आणि तिला सर्वांत जुळणारा दिवसाचा आकडा काढायचा. सोमवारसाठी ५० गुणिले १, ४० गुणिले ०.७७, १० गुणिले ०.३१ यांची बेरीज करा. ती ८३.९ येते. तिला जिनसांच्या यादीतल्या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेने, म्हणजे १.६९ ने, भागा. सोमवारचा आकडा साधारण ४९.७. असे चारही दिवस काढले की उलट फिरायचं. आता दिवस बरोबर धरायचे आणि त्याच कृतीने जिनसांची यादी दुरुस्त करायची. मग पुन्हा दिवस, पुन्हा जिनसा. दर फेरीला चूक कमी होते किंवा तेवढीच राहते, वाढत कधीच नाही. आपल्या तक्त्यात दोन-तीन फेऱ्यांतच आकडे हलायचे थांबतात. जिनसा १, ०.७७४, ०.३१२ वर येतात आणि दिवस ४९.६, ६०.०, ६६.९, ८२.८ वर. चुकांच्या वर्गांची बेरीज ७१२ होते. कुठल्याही दोन याद्या गुणून ७१२ च्या खाली जाता येत नाही.

याची सिद्धता कार्ल एकार्ट आणि गेल यंग यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा लेख १९३६ साली ‘सायकोमेट्रिका’ या तेव्हा नव्याने निघालेल्या नियतकालिकात आला. एकार्ट शिकागोचे भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि लेख छापला मानसशास्त्रीय मोजमापाच्या मासिकाने, याची मला नेहमी गंमत वाटते. पण त्यात नवल नाही. विद्यार्थ्यांच्या गुणांचे तक्ते घेऊन त्यामागे एकच ‘सर्वसाधारण बुद्धिमत्ता’ शोधण्याचा नाद चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच लावला होता, आणि तो शोध म्हणजे बऱ्याच अंशी तक्त्यामागचा पाढा शोधणं. तेच गणित एर्हार्ड श्मिट यांनी १९०७ मध्ये फलनांसाठी मांडून ठेवलं होतं.

या सर्वोत्तम तक्त्याचा एक गुण त्रैराशिकाच्या तक्त्यात नसतो. मूळ तक्त्यातल्या सगळ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज ३०,२०० आहे. सर्वोत्तम पाढेछाप तक्त्याच्या वर्गांची बेरीज २९,४८८. उरलेल्या चुकांची ७१२. दोन्ही मिळून बरोब्बर ३०,२००. टिकलेलं आणि सुटलेलं यांची बेरीज नेमकी मूळाएवढी होते, म्हणून ‘इतके टक्के टिकलं’ म्हणायला अर्थ राहतो. इथे टिकलं ९७.६ टक्के.

अहवालात हा आकडा छान दिसेल. दोन याद्यांत टपरीचा ९७.६ टक्के हिशेब मावला, असं कुणी म्हणालं तर खोटं नाही. पण जरा थांबा. समजा मी दिवसांकडे पाहिलंच नाही. रोज सरासरी लिहून टाकली, चहा ६५, वडे ५०, भजी २०, चारही दिवस तेच. हाही पाढेछाप तक्ताच झाला, फक्त सगळे दिवस सारखे. त्याच्या वर्गांची बेरीज २८,५०० येते, म्हणजे ९४.४ टक्के. काहीही न पाहता ९४.४! मग आमच्या फेऱ्या-दुरुस्त्यांची कमाई जेमतेम सव्वातीन टक्के.

घोटाळा असा, की वर्गांची बेरीज आकड्यांचा आकार मोजते, चढउतार मोजत नाही. टपरीवर रोज पन्नास-साठ कप चहा जातो हे सांगायला कुणाला गणित लागत नाही. कुठल्या दिवशी काय बदललं हे हवं असेल, तर आधी प्रत्येक जिनसाची सरासरी वजा करायची:

| | चहा | वडापाव | भजी |
|---|---|---|---|
| सोमवार | −१५ | −१० | −१० |
| मंगळवार | −५ | ० | −१० |
| बुधवार | +५ | −१० | +२० |
| गुरुवार | +१५ | +२० | ० |

आता वर्गांची बेरीज १,७०० आहे, आणि खरा चढउतार तेवढाच. याच्यावर तीच पुढे-मागे करायची रीत चालवा. जिनसांची यादी १, ०.८६, ०.५३ येते आणि दिवसांची −१४.३, −५.१, ३.५, १५.९. यादीत सगळी चिन्हं अधिक आहेत, म्हणजे ती सांगते की गिऱ्हाईक वाढलं की सगळंच वाढतं. सोमवार थंड, गुरुवार बाजाराचा. टिकलं किती? १,७०० पैकी १,००३, म्हणजे ५९ टक्के.

९७.६ आणि ५९. टपरी तीच, दिवस तेच, आणि दोन्ही आकडे बरोबर. म्हणून कुणी टक्केवारी पुढे केली की माझा पहिला प्रश्न असतो, सरासरी काढली होती का?

सुटलेले ४१ टक्के कुठे गेले तेही पाहू, कारण ते चारही दिवसांवर सारखे सांडलेले नाहीत. बुधवारसाठी हा तक्ता सांगतो चहा ६८ किंवा ६९, वडे ५३, भजी २२. प्रत्यक्षात गेले ७०, ४० आणि ४०. चहा जुळला, वडे तेराने हुकले आणि भजी अठराने. उरलेल्या ६९७ पैकी ५०० च्या आसपास चूक एकट्या बुधवारची आहे. बुधवारच्या स्वतःच्या चढउतारातला पाच टक्केसुद्धा भाग या तक्त्याने धरला नाही. एकूण टक्केवारी ५९ असली, तरी एखाद्या ओळीची पाचही असू शकते. ते शोधायचं तर टक्केवारी सोडून उरलेल्या चुकांचा तक्ता घरं मोजत वाचायला हवा. तिथे भजी वर आणि वडे खाली अशी जोडी दिसली की पाऊस आपोआप आठवतो. या उरलेल्या तक्त्याला पुन्हा एक पाढेछाप तक्ता बसवला, तर तो नेमकी हीच भजी-वड्यांची अदलाबदल पकडतो, आणि दोन्ही मिळून ९९.९ टक्के होतात. टपरीच्या चार दिवसांत दोनच गोष्टी घडल्या होत्या, बाजार आणि पाऊस.

५९ हा आकडा मोठा की लहान? तीन रकान्यांच्या तक्त्यात अशा थरांची संख्या तीनच्या वर जात नाही, आणि पहिला थर सर्वांत मोठा असतो. म्हणून निदान एक तृतीयांश तर फुकटच मिळतो. फासे टाकून भरलेल्या लहानशा तक्त्यातही पहिला थर त्याहून बराच जास्त पकडतो, कारण योगायोगाने जे काही एका दिशेला कललेलं असेल तेच तो उचलतो. चार ओळींच्या तक्त्यावर ५९ टक्के पाहून सिद्धांत मांडायला बसू नये. बाजार आणि पाऊस ही नावं मी देऊ शकलो, ती मला आधीच माहीत होती म्हणून.

आता मोजण्याची गोष्ट. एका प्लेटीत दहा भजी येतात असं धरू, आणि मालकाने प्लेटी न लिहिता नग लिहिले. भजीच्या रकान्यात १०, १०, ४०, २० च्या जागी १००, १००, ४००, २०० आले. टपरीवर काही बदललं नाही. पण भजीच्या फरकांचे वर्ग शंभर पटीने फुगले, ६०० चे ६०,००० झाले, आणि चहा-वडे मिळून राहिले अकराशे. सर्वोत्तम पाढेछाप तक्ता आता जवळजवळ फक्त भजीच सांगतो आणि ९८ टक्क्यांहून जास्त चढउतार टिकवल्याचा दाखला मिळवतो. मघाशी ज्याला पाऊस दिसत नव्हता, त्याला आता पावसाशिवाय फारसं काही दिसत नाही. यावरचा रूढ उपाय म्हणजे प्रत्येक रकान्याला त्याच्या स्वतःच्या प्रमाण विचलनाने भागून सगळ्यांना समान वजन देणं. तसं केलं की प्लेटी लिहा वा नग, उत्तर एकच येतं, ६१ टक्के. मात्र समान वजन देणं हाही एक निर्णयच आहे. ज्या मालकाचा सगळा नफा भजीत असेल, त्याला तो पटेलच असं नाही.