रिपीट की फिजिओ? आधी ओएमआर उघडा

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की दोन दिवसांत घरातले फोन वाजायला लागतात. एक आत्याचा किंवा मामाचा असतो, दुसरा लातूर-नांदेडकडच्या एखाद्या क्लासचा. ‘रिपीटर बॅच सोमवारपासून. या आठवड्यात नाव घातलंत तर फीमध्ये सवलत मिळेल.’ निकालावर ७२० पैकी ४१२ दिसतायत आणि रँक लाखाच्या कितीतरी पलीकडे आहे. अशा वेळी वडील एकच प्रश्न विचारतात, ‘अगं, पुन्हा बसणार का?’ आणि मुलगी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी ‘हो’ म्हणते. हा ‘हो’ घाईचा असतो. कारण ज्या माहितीवर तो ठरायला हवा, ती अजून कोणी पाहिलेलीच नसते.

पहिली गोष्ट गुणांची. ‘यंदा ४१२, पुढच्या वर्षी ५०० काढीन’ हे लक्ष्य ऐकायला पक्कं वाटतं, पण त्याला फारसा अर्थ नाही. २०२४ साली सहाशे गुणांवर देशातली रँक साधारण ८० हजारांच्या घरात होती. २०२५ साली फिजिक्सचा पेपर अवघड निघाला आणि त्याच सहाशे गुणांवर रँक साधारण तेराशे आली. आदल्या वर्षी पहिल्या निकालात तब्बल ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते, तर २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. पेपर बदलला की गुणांची किंमत बदलते. म्हणून तुलना रँकशी करायची, तीही आपल्या प्रवर्गाच्या शेवटच्या जागेशी. राज्य सीईटी कक्ष प्रत्येक फेरीच्या याद्या लावतो. आपल्या प्रवर्गातली सरकारी एमबीबीएसची शेवटची जागा कोणत्या रँकवर गेली, ते त्यात दिसतं. आपण तिथून किती मागे आहोत, हे आधी वहीत लिहावं.

दुसरी गोष्ट ओएमआर. निकालाआधी एनटीए आपल्या संकेतस्थळावर ओएमआरची स्कॅन प्रत आणि उत्तरसूची देते. प्रश्नपुस्तिका तर परीक्षेनंतर आपल्याकडेच असते. ओएमआरची लिंक कायम उघडी राहत नाही, म्हणून ती प्रत लगेच उतरवून ठेवावी. मग एका दुपारी पुस्तिका, उत्तरसूची आणि लाल पेन घेऊन बसायचं. रिपीट करायचं की नाही, याचं खरं उत्तर त्या दुपारी मिळतं, आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक घरांत ती दुपार येतच नाही.

समजा, आपल्या ४१२ वाल्या मुलीचा हिशेब असा निघाला. बायोलॉजीत ९० पैकी ७० बरोबर, १८ चूक, म्हणजे २६२ गुण. केमिस्ट्रीत २७ बरोबर, १० चूक, म्हणजे ९८. फिजिक्सच्या ४५ प्रश्नांत १८ बरोबर, २० चूक, ७ कोरे, म्हणजे ५२. तिच्या प्रवर्गाची शेवटची सरकारी जागा ४८० च्या आसपास भरली, असंही धरू. अंतर ६८ गुणांचं.

इथे क्लासवाले हमखास म्हणतात, ‘निगेटिव्ह मार्किंगने घात केला, अंदाज मारू नकोस.’ हे अर्धंच खरं आहे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीला एक जातो. चार पर्यायांत डोळे मिटून अंदाज मारला तरी सरासरीने पाव गुण पदरात पडतो. तिने ते ४८ चुकीचे प्रश्न सोडून दिले असते तर ४८ गुण वाचले असते हे खरं, पण अंदाजाने बरोबर आलेले काही प्रश्नही त्याबरोबर गेले असते. तेव्हा दोष अंदाजावर ढकलून हात झटकण्यात अर्थ नाही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर ‘का चुकला’ हे लिहायला हवं.

तिने ते लिहिलं तेव्हा ४८ पैकी १२ प्रश्न तिला येत असलेले निघाले. कुठे ‘अयोग्य विधान निवडा’मधला ‘अ’ नजरेतून सुटला होता, कुठे सेंटिमीटरचं मीटर करायचं राहिलं होतं, एका ठिकाणी गोल शेजारचा रंगवला होता. अशा एका प्रश्नाला पाच गुणांचा फटका बसतो, कारण हक्काचे चार जातात आणि वर एक कापला जातो. बाराचे ६० झाले. ते सगळे काही परत येणार नाहीत, अर्धे धरू. आकडा ४४२ वर आला. उरलेले ३८ गुण म्हणजे आठ-नऊ प्रश्न. ते कुठून येणार, हा रिपीटचा खरा प्रश्न.

फिजिक्सचे २७ प्रश्न तिच्या हातून गेले होते. त्यातले १९ अशा धड्यांवरचे होते जे अकरावीत उरकून टाकले गेले आणि बारावीच्या बोर्डाच्या गडबडीत पुन्हा उघडलेच नाहीत, जसे घूर्णन गती, किरण प्रकाशशास्त्र, स्थिर विद्युत. हे एक प्रकारे चांगलं लक्षण आहे. जे झालंच नव्हतं, ते वर्षभरात होऊ शकतं. उलट दोनदा शिकलेल्या, तीन टेस्ट सिरीजमध्ये सोडवलेल्या धड्यांवरचेच प्रश्न गेले असते, तर आणखी एका वर्षाने काय बदलणार, हे विचारावं लागलं असतं. एकदा रिपीट करून झालेल्या मुलांच्या बाबतीत मला बहुतेकदा हेच दिसतं. पुस्तिकेच्या कडेला ‘राहिलं होतं’ असं त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी तिसऱ्यांदा बसू नये असं माझं मत आहे. नीटला वरची वयोमर्यादा नाही आणि प्रयत्नांवरही बंधन नाही, त्यामुळे थांबवणारं कोणी नसतं. थांबायचं आपणच ठरवावं लागतं.

आता घाईबद्दल. क्लासची बॅच जूनमध्ये सुरू होते, पण फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, ऑडिओलॉजी आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी यांच्या राज्य कोट्याच्या फेऱ्या एमबीबीएस-बीडीएसच्या मागून लागतात आणि कित्येकदा दिवाळीपर्यंत रेंगाळतात. महाराष्ट्रात या अभ्यासक्रमांचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात. म्हणून रिपीट जवळजवळ ठरलं असलं तरी सीईटी कक्षाकडे नोंदणी करून ठेवावी. नोंदणीची मुदत टळली की कितीही गुण असले तरी यादीत नाव येत नाही. बी.एस्सी. नर्सिंगची गोष्ट वेगळी. तिची स्वतंत्र सीईटी असते आणि तिचा अर्ज नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. निकालानंतर ‘मग नर्सिंग घेऊ’ म्हणणाऱ्यांना तो दरवाजा बंद झालेला आढळतो.

मधल्या आठवड्यांत दोन कामं करता येतात. पहिलं काम स्वतःची चाचणी. राहून गेलेल्या धड्यांपैकी दोन निवडायचे आणि त्यांवरचे मागच्या वर्षांच्या नीटचे तीस प्रश्न घड्याळ लावून सोडवायचे. मग तीन आठवडे क्लासविना, घरी, तेच दोन धडे करायचे आणि दुसरे तीस प्रश्न सोडवायचे. सात बरोबर होते ते अठरा-वीस झाले, तर वर्षभराच्या अभ्यासाला आधार आहे. सातचे नऊ झाले, तर वर्षाची फी भरण्याआधीच खूप काही कळलं.

दुसरं काम म्हणजे जो अभ्यासक्रम ‘नाहीतर घेऊ’ म्हणून ठेवलाय, त्याचं काम डोळ्यांनी पाहणं. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीचे सरकारी अभ्यासक्रम चालतात. आपल्या तालुक्याच्या गावातही एखादं फिजिओ क्लिनिक असतंच. परवानगी घेऊन तिथे एक सकाळ बसावं. गुडघा बदललेल्या आजी खाटेवर बसलेल्या असतात आणि थेरपिस्ट गोनिओमीटर लावून गुडघा किती वाकतो ते अंशांत मोजते. परवा ७०, आज ७८. हवे असतात किमान नव्वद, त्याशिवाय खुर्चीतून नीट उठता येत नाही. आजी ओरडतात, थेरपिस्ट थांबते, पुन्हा सुरू करते. शेजारच्या खोलीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट अर्धांगवायू झालेल्या एका काकांना सदरा घालायला शिकवत असते. लुळा हात आधी बाहीत, चांगला नंतर, आणि काढताना उलट. हे काम महिनोन्महिने, त्याच माणसाबरोबर, तसूतसूने पुढे सरकतं. ज्याला डॉक्टरकीत निदानाची आणि औषधाची ओढ आहे, त्याला ते कंटाळवाणं वाटेल. ज्याला माणसाशी बोलत राहायला आवडतं, त्याला कदाचित एमबीबीएसपेक्षा आवडेल. माहितीपत्रक वाचून यातलं काहीच समजत नाही.

कडू भागही सांगायला हवा. फिजिओची पदवी साडेचार वर्षांची आहे, नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप धरून पाच. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी मन लावून करावीच लागते. खासगी रुग्णालयातला सुरुवातीचा पगार एवढ्या अभ्यासाच्या मानाने तुटपुंजा असतो. बरेचजण घरी जाऊन उपचार करण्यावर किंवा स्वतःच्या क्लिनिकवर सावरतात, आणि त्याला काही वर्षं जातात. सरकारी पदं थोडी आहेत. फिजिओतून एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात जायची वाट नाही, कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. नावापुढे ‘डॉ.’ लावण्यावरूनही वाद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी ते लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. ज्या घरात ती दोन अक्षरंच हवी आहेत, तिथे हे आधी बोलून घेतलेलं बरं.

‘प्रवेश घेऊन ठेवू आणि नीटही देऊ’ हा तिसरा मार्ग कागदावर सर्वात शहाणा दिसतो. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी तास, प्रात्यक्षिकं, हजेरीची सक्ती आणि अंतर्गत परीक्षा असतात, आणि नीट मेच्या सुरुवातीला येते. राहिलेले धडे रात्री दहानंतर करायचे ठरतात आणि तिथेच राहतात. ज्यांचं अंतर दहा-वीस गुणांचं आहे आणि ज्यांना फक्त सराव हवाय, त्यांना हे जमू शकतं. ६८ गुणांच्या अंतराला नाही. शिवाय ठरावीक तारखेनंतर जागा सोडली तर फी अडकते, दंडही भरावा लागू शकतो आणि मूळ कागदपत्रं कॉलेजकडे असतात. ती तारीख माहितीपुस्तिकेत शोधून कॅलेंडरवर लिहावी. तसाच स्टेटस रिटेन्शन फॉर्म. तो भरला की मिळालेली जागा पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. कॉलेजच्या खिडकीवर ‘इथे सही करा’ म्हणतात म्हणून तो भरून देऊ नये.

आपल्या ४१२ वाल्या मुलीने चाचणी घेतली आणि सातचे एकोणीस झाले, तर तिने रिपीट करावं असं मी सांगेन, पण पूर्ण बॅच लावून नाही. बायोलॉजीतले ७० प्रश्न तिला येतातच, त्यासाठी रोज तीन तास बाकावर बसण्यात वर्षाचा मोठा भाग जाईल. फिजिक्स-केमिस्ट्रीपुरतीच शिकवणी आणि बायोलॉजीसाठी टेस्ट सिरीज एवढी सोय कोणता क्लास करतो, ते विचारावं. आणि हिवाळ्यात नर्सिंग सीईटीचा अर्ज निघाला की तोही भरून टाकावा.