बाई, फक्त सही हवी होती

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी शेंगा फोडत बसले होते, तेव्हा तिचा फोन आला. "बाई, ओळखलंत का?" हा प्रश्न निवृत्त शिक्षकाला महिन्यातून दोन-तीनदा ऐकावा लागतो, आणि खरं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. तिने दहावीचं वर्ष सांगितलं, गाव सांगितलं, वडिलांची पिठाची गिरणी सांगितली, तेव्हा कुठे चेहरा जुळला. ती २०२३ साली आमच्या शाळेतून दहावी झाली. बारावी २०२५ साली. आता एक वर्ष थांबून ब्रिटनला भूशास्त्राच्या पदवीसाठी अर्ज करत होती. "बाई, शिफारसपत्र हवं होतं. मी लिहून ठेवलंय, तुम्ही फक्त सही करा."

खटाव तालुक्यातल्या शाळेत मी आठ वर्षं मुख्याध्यापिका होते. त्या काळात अशा कागदांवर किती सह्या केल्या त्याची गणती नाही. पण आमचे कागद वेगळे असत. बोनाफाइड, वर्तणुकीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. लिपिकाकडे छापील नमुना तयार असे. नाव, जन्मतारीख, जनरल रजिस्टरचा क्रमांक भरला, 'वर्तणूक चांगली' लिहिलं, जावक क्रमांक टाकला, गोल शिक्का मारला की काम झालं. त्या दाखल्यात मुलगी कशी आहे हे सांगायचं नसतंच. ती आपल्या शाळेत होती आणि तिने काही भानगड केली नाही, एवढंच त्यात असतं. परदेशी विद्यापीठ जे मागतं ते याच्या अगदी उलट. ती शाळेत होती हे त्यांना गुणपत्रिकेवरून कळतं. त्यांना हवा असतो एखाद्या माणसाचा शब्द, की मी हिला काम करताना पाहिलं आहे आणि ती असं असं काम करते.

तिचा मसुदा मी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून वाचला. ती अतिशय हुशार, कष्टाळू, नम्र आणि आज्ञाधारक होती, सर्व सहशालेय उपक्रमांत हिरिरीने भाग घेत असे, तिला उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. एकही शब्द खोटा नव्हता, पण माझ्या शाळेतल्या निम्म्या मुलींच्या नावावर हेच पत्र चाललं असतं. 'आज्ञाधारक' हा आपल्याकडचा मोठा गुण. तिकडच्या प्राध्यापकाला मात्र त्यातून ही मुलगी स्वतःहून काही करत नाही असं वाटण्याचीच शक्यता जास्त. मी तिला म्हटलं, "हे फाड. सही करणार नाही, पत्र मी लिहीन. पण आधी मला सांग, बारावीच्या कॉलेजातल्या सरांना का विचारलं नाहीस?"

ती गप्प झाली. मग सगळं बाहेर आलं, आणि ते तिच्या एकटीचं नाही. अकरावी-बारावी तिने शहरातल्या एका 'इंटिग्रेटेड' कॉलेजात केली. म्हणजे नाव कनिष्ठ महाविद्यालयात, शिकणं क्लासमध्ये. हजेरीपटावर ती रोज होती, कॉलेजच्या इमारतीत मात्र प्रात्यक्षिक परीक्षेलाच गेली. तिथे पत्र मागायला गेली तेव्हा खिडकीतल्या माणसाने सांगितलं, बोनाफाइड देतो, बाकी काही मिळणार नाही. त्यांना तरी काय लिहिता आलं असतं? तिला ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. ब्रिटनचे पदवीचे बहुतेक अर्ज यूकास या संस्थेमार्फत जातात, आणि त्यांची अपेक्षा अशी की पत्र देणाऱ्याने विद्यार्थ्याला अभ्यासाच्या निमित्ताने ओळखलेलं असावं, तो नातेवाईक किंवा मित्र नसावा. शक्यतो अलीकडचा शिक्षक असला तर उत्तम. अलीकडचा असा कुणी नाही, म्हणून गाडी मागे वळली ती दहावीच्या शाळेपर्यंत.

मी तिच्याकडून चार गोष्टी मागवल्या: दोन्ही गुणपत्रिका, निवडलेल्या पाच अभ्यासक्रमांची नावं (यूकासमध्ये पाचच निवडता येतात), तिने स्वतःबद्दल लिहिलेलं निवेदन, आणि मराठीत दोन पानं, शाळेतलं जे आठवतं ते. चौथी मागणी ऐकून ती हसली. पण पत्राचा सगळा मालमसाला त्या दोन पानांतूनच निघाला.

पहिल्या दीड पानात स्नेहसंमेलन, रांगोळी, वक्तृत्व. शेवटी चार ओळी अशा होत्या: 'नववीत विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही विहिरीचं पाणी मोजलं होतं. प्रदर्शन झाल्यावर बाकीच्यांनी सोडलं, मी मेपर्यंत मोजलं. दोरीमुळे चुकत होतं म्हणून वायर घेतली.' मला प्रदर्शन आठवत होतं, पुढचं काहीच नाही. मी विज्ञानाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "वही आहे ना तिच्याकडे, ती बघा की."

वही दोन दिवसांनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर आली. फेब्रुवारी ते मे २०२२, दर शनिवारी एक ओळ: तारीख, काठापासून पाण्यापर्यंत किती फूट, त्या आठवड्यात मोटर किती तास चालली. सुरुवातीला सुती दोरीला फुटाफुटावर गाठी मारून खाली वजन बांधलं होतं. तिसऱ्या आठवड्यात पाणी एकदम जास्त खाली गेलेलं दिसलं, आणि मोटर तर त्या आठवड्यात वीज नसल्याने फारशी चाललीच नव्हती. पुढच्या पानावर तिने लिहिलं आहे की दोरी वर्गातल्या फूटपट्टीने मोजून पाहिली, दहा फुटांच्या जागी चार बोटं कमी भरली. सुती दोरी भिजून आखडते, गाठी जवळ येतात, आणि पाणी आहे त्यापेक्षा खोल वाटतं. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिने घरची जुनी विजेची वायर घेतली, फुटाफुटावर चिकटपट्टी लावली, आणि आधीच्या तीन नोंदींवर काट न मारता शेजारी लिहिलं, 'या नोंदी चुकीच्या दोरीच्या'.

मी तीस वर्षं प्रयोगवह्या तपासल्या. चुकीची नोंद खोडून बरोबर उत्तर लिहिणारी मुलं ढिगाने पाहिली. चूक जागेवर ठेवून तिचं कारण शेजारी लिहिणारी फार थोडी. भूशास्त्र शिकवणाऱ्याला हे एवढं सांगितलं की 'हुशार, कष्टाळू' लिहायची गरज उरत नाही.

यूकासचं पत्र आता सलग लिहायचं नसतं. २०२४च्या प्रवेशापासून त्याचे तीन भाग केले आहेत, आणि तिन्ही मिळून मोकळ्या जागा धरून चार हजार अक्षरं. पहिला भाग शाळेबद्दल. इथे मी तालुक्याची मराठी शाळा, सेमी इंग्रजी म्हणजे गणित-विज्ञान तेवढं इंग्रजीतून, आणि आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटून अकरावी-बारावी वेगळ्या संस्थेत होते, हे सांगितलं. हे सांगितलं नाही, तर अठरा वर्षांच्या मुलीचं पत्र सोळाव्या वर्षाच्या शाळेने का दिलं, हे तिकडे कुणाला कळणार नाही. मी तिला कधीपासून कधीपर्यंत ओळखते, हेही स्पष्ट घातलं. त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल एक शब्द लिहिला नाही.

दुसरा भाग अडचणींसाठी, म्हणजे निकालावर परिणाम झाला असेल अशी एखादी घटना. तिच्या वडिलांचा इथे आग्रह होता. बारावीच्या वर्षी आजीच्या आजारपणामुळे रसायनशास्त्रात गुण कमी पडले, ते लिहा. खरं असेलही. पण मी तेव्हा तिथे नव्हते, मला ते फोनवरूनच कळलेलं. "दादा, मी पाहिलेलं नाही ते माझ्या नावावर कसं लिहू?" म्हटलं. ते जरा नाराज झाले. तो भाग रिकामा ठेवता येतो, मी रिकामा ठेवला.

तिसऱ्या भागात विहीर. पहिल्या मसुद्यात मी दोरीची हकिकत तिच्या निवेदनासारखीच सांगितली होती. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं की एकच गोष्ट दोनदा जाते आहे. तिने पाण्याबद्दल लिहिलं होतं, म्हणून मी पाणी कमी केलं आणि वहीबद्दल लिहिलं.

अमेरिकेच्या अर्जात याहून अवघड एक तक्ता असतो, तोही सांगून टाकते. मागे एका मुलासाठी भरला होता. प्रत्येक गुणापुढे सरासरीच्या खालून चढत जाणारी घरं, शेवटचं घर 'मी पाहिलेल्या मोजक्यांपैकी एक, वरचा एक टक्का'. आपला हात आपसूक शेवटच्या घराकडे जातो, मुलाचं नुकसान नको म्हणून. पण सगळ्या खुणा एका रेघेत आल्या की वाचणाऱ्याला कळतं की भरणाऱ्याने विचार केलेला नाही. मी त्याला दोनच ठिकाणी शेवटचं घर दिलं.

निवृत्त माणसाची एक वेगळी अडचण असते. मी २०२४ला निवृत्त झाले, त्यामुळे शाळेचं लेटरहेड आणि शिक्का माझे नाहीत. एका शिष्यवृत्तीसाठी तिला कागदी पत्रही लागत होतं. शाळेतल्या कुणीतरी भाबडेपणाने सुचवलं, बाई, २०२३ची तारीख टाका, तेव्हा तुम्हीच होतात. मागची तारीख टाकलेल्या पत्रात २०२६च्या प्रवेशाचा उल्लेख यायचा, म्हणजे खोटेपणा पहिल्याच ओळीत उघडा. मी साध्या कागदावर 'माजी मुख्याध्यापिका' आणि कार्यकाळाची वर्षं लिहून सही केली. ही व्यक्ती या काळात इथे मुख्याध्यापिका होती, असं आताच्या सरांनी शाळेच्या लेटरहेडवर जावक क्रमांकासह वेगळं दिलं. पत्रात तिचं नाव पासपोर्टवर आहे तसं घातलं. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, म्हणून कंसात तेही. ईमेलचं तर विचारूच नका. बरीच विद्यापीठं कामाच्या ठिकाणचा अधिकृत ईमेल मागतात, आणि आमच्या शाळेचा अधिकृत ईमेल जीमेलचाच आहे. शाळेचा दूरध्वनी तेवढा सोबत दिला.

यूकासची लिंक थेट पत्र देणाऱ्याच्या ईमेलवर येते. ती दोन दिवस येईना. मुलगी रोज फोन करायची, मी रोज 'नाही' म्हणायची. शेवटी नातवाने स्पॅममध्ये शोधून काढली. पत्र पुरं झाल्याशिवाय तिचा अर्ज पुढे जात नव्हता, आणि मुदत होती १४ जानेवारी, तिकडचे संध्याकाळचे सहा, म्हणजे आपले संक्रांतीच्या रात्रीचे साडेअकरा. मी ९ तारखेला दुपारी पत्र पाठवलं. पहिल्या फोनपासून मोजलं तर महिन्याच्या वर गेला, आणि त्यात लिहायला लागले ते दोन दिवस. बाकी सगळा वेळ आठवण्यात, विचारण्यात आणि वाट पाहण्यात गेला.

संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन आली आणि वही परत मागितली. तुमच्यापैकी कुणाला जुन्या मुख्याध्यापकांकडे असं पत्र मागायला जायचं असेल, तर मसुदा नेऊ नका. महिनाभर आधी जा, आणि घरात एखादी जुनी वही उरली असेल तर ती बरोबर न्या.